ताप जाऊन तीन महिने झाले, तरी दम लागतोय: थकवा व्हायरलचा, रक्ताचा, की छातीचा?

पावसाळा संपता संपता जळगाव-धुळ्याकडे घरटी एक तरी माणूस तापाने पडलेला असतो. कुणाला फ्लू, कुणाला डेंग्यू, कुणाला नुसताच 'व्हायरल'. ताप पाच-सहा दिवसांत उतरतो. पुढे दिवाळी येते, कापसाची वेचणी सुरू होते, आणि मग लक्षात येतं की पूर्वी दोन ओळी वेचून सहज सरळ उभी राहणारी बाई आता अर्ध्या ओळीतच बांधावर बसते. दवाखान्यात सांगायला एकच वाक्य असतं, "माले दम लागस." त्यावर बहुतेक वेळा एक सलाईन, दोन लाल इंजेक्शनं आणि टॉनिकची बाटली मिळते. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

व्हायरल तापानंतर दोन ते सहा आठवडे अंगात जोर नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. रोज नाही, पण आठवड्यागणिक थोडा फरक पडत असेल तर वाट पाहायला हरकत नाही. तीन महिने उलटूनही जिना चढता येत नसेल, किंवा मधे बरं वाटून पुन्हा घसरण सुरू झाली असेल, तर कारण शोधायला हवं. कोविडनंतरच्या लांबलेल्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही साधारण तीन महिन्यांचीच रेघ धरली आहे, आणि तिच्यात एक अट घातली आहे: दुसऱ्या कोणत्याही आजाराने त्या त्रासाचा उलगडा होत नसावा. म्हणजे 'हे व्हायरलनंतरचंच आहे' असं म्हणण्याआधी रक्त, फुप्फुस आणि हृदय पाहून झालेलं असलं पाहिजे. आपल्याकडे उलटं होतं. आधी शिक्का बसतो, तपासणी राहून जाते.

थांबू नये अशी लक्षणं

पुढे सांगितलेली मोजमापं निवांत करायची आहेत. खालच्यापैकी काही असेल तर ती करत बसू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन लावा.

छातीत दाब किंवा कळ, विशेषतः चालताना येणारी. चक्कर येऊन शुद्ध हरपणं. अचानक, काही मिनिटांत वाढलेला दम, त्यासोबत एकाच पोटरीला सूज आणि दुखणं (पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची शंका). थुंकीत रक्त. उशी काढून सपाट झोपता न येणं, किंवा मध्यरात्री श्वास कोंडून उठून बसावं लागणं. बसल्या जागी ऑक्सिमीटर पुन्हा पुन्हा ९४ च्या खाली दाखवणं.

पहिली पायरी: दम आणि थकवा वेगळे करा

आपण दोन्हीला 'अशक्तपणा' म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. आठवडाभर एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: काय काम केलं, दम नेमका कधी लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं होतं. दिवसाला दोन-तीन ओळी पुरतात. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा.

दम काम करतानाच लागत असेल आणि दोन-पाच मिनिटं बसल्यावर जात असेल, तर शरीराला त्या वेळी लागणारा ऑक्सिजन पोचत नाही असा त्याचा अर्थ. हे रक्त कमी असण्याने होतं, फुप्फुसाने होतं, हृदयाने होतं, किंवा महिनोन् महिने पडून राहिल्याने स्नायू ढिले पडल्यामुळेही होतं.

काम करताना फारसं काही न होता दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंग गळून जात असेल, डोकं चालेनासं होत असेल, झोप झाली तरी झोपल्यासारखं वाटत नसेल, तर चित्र वेगळं आहे. श्रमानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येणारी ही उशिराची पडझड व्हायरलनंतरच्या थकव्याची मोठी खूण आहे. रक्त कमी असलेला माणूस जिन्यातच थांबतो. व्हायरलनंतरचा थकवा असलेला माणूस लग्नात दिवसभर उभा राहतो आणि परवा अंथरुणातून उठत नाही.

तिसरा प्रकारही दिसतो. बसल्या बसल्या 'पुरता श्वासच जात नाही' असं वाटतं, मोठमोठे उसासे टाकावे लागतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि चालायला लागलं की उलट बरं वाटतं. इथे श्वासाची लय बिघडलेली असते. मोठ्या आजारानंतर हे पुष्कळांना होतं आणि त्याला 'मनाचं आहे' म्हणून उडवून लावणं चूक आहे. नाकाने श्वास, पोटाने श्वास आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ, एवढी सवय दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं लावली तर काही आठवड्यांत फरक पडतो. अर्थात, बाकीच्या तपासण्या झाल्यावर.

वहीत आणखी एक प्रश्न लिहून ठेवा: हे आजारपणाच्या आधी थोडं तरी होतं का? चुलीवर वीस-पंचवीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईच्या आणि जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसाची बाजू आधीपासूनच कमजोर असू शकते. ताप फक्त निमित्त होतो आणि सगळा दोष त्याच्यावर जातो.

दुसरी पायरी: घरी करायची दोन मोजमापं

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून बऱ्याच घरांत कपाटात पडलेला आहे. सेल बदला. बोटावर मेंदी किंवा नेलपेंट असेल तर दुसरं बोट घ्या, बोट गार असेल तर चोळून गरम करा. लावल्या लावल्या दिसणारा आकडा लिहू नका. मिनिटभर थांबून स्थिर झालेला लिहा.

पहिलं मोजमाप उठ-बस चाचणीचं. बसल्या जागी ऑक्सिजन ९६ किंवा जास्त असेल आणि छातीत दुखत नसेल तरच हे घरी करायचं, आणि शेजारी कुणीतरी हवं. हात नसलेल्या खुर्चीवर बसा. आधीचा ऑक्सिजन आणि नाडी लिहा. मग हाताचा आधार न घेता एक मिनिट उठ-बस करा, जमेल तितकी. थांबल्यावर आणखी एक-दोन मिनिटं बोटावर यंत्र राहू द्या, कारण यंत्र थोडं मागून आकडा दाखवतं आणि खरी घसरण कित्येकदा थांबल्यावर दिसते. ऑक्सिजन आधीपेक्षा तीन किंवा जास्त अंकांनी उतरला तर फुप्फुसाची (कधी हृदयाची) नीट तपासणी हवी, मग बसल्या जागचा आकडा कितीही छान असो. ऑक्सिजन जागेवर राहिला आणि नाडी मात्र सुसाट पळाली तर रक्त, थायरॉइड, हृदय, किंवा ढिले पडलेले स्नायू यांच्याकडे बघायचं.

दुसरं मोजमाप नाडीचं, झोपून आणि उभं राहून. सकाळी, चहाच्या आधी. दहा मिनिटं शांत आडवे पडा, नाडी लिहा. मग भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला नाडी लिहा. रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर तोही. चक्कर आली तर लगेच बसा. मोठ्या माणसाची नाडी तीसने किंवा जास्त वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब पडला नाही, तर 'पॉट्स' नावाचा प्रकार असू शकतो. व्हायरलनंतर, जास्त करून तरुण मुलींमध्ये, तो दिसतो: उभं राहिलं की धडधड, डोकं हलकं, पडलं की बरं. पण ही चाचणी एप्रिल-मेमध्ये, भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना, पाणी कमी प्यायलेल्या माणसावर केली तर कुणाचीही नाडी पळेल. रक्त कमी असलं तरी पळते. म्हणून पॉट्सचा विचार सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, नॉर्मल आल्यानंतर.

ऑक्सिमीटरचा ९८ आणि रक्ताचा ८

माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ऑक्सिमीटर सांगतो की रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यापैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. हिमोग्लोबिन मुळात किती आहे हे त्याला कळत नाही. दहा बैलगाड्या असोत की चार, सगळ्या भरलेल्या असल्या की तो 'शंभर टक्के' म्हणणार. चार गाड्यांत माल किती आला हे वेगळं मोजावं लागतं.

आकड्यांत पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ आणि ऑक्सिजन ९८ टक्के असेल तर १०० मिलिलिटर रक्तात जवळजवळ १८.४ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ८ असेल तर त्याच ९८ टक्क्यांवर फक्त १०.५. आता हिमोग्लोबिन १४ आहे पण ऑक्सिजन ८८ पर्यंत उतरला आहे असा माणूस घ्या. त्याच्याकडे १६.५ आहे. ८८ पाहून आपण धावत दवाखाना गाठतो आणि ८ हिमोग्लोबिनवाल्या बाईला '९८ आहे, काही नाही' म्हणून घरी पाठवतो. तिच्या रक्तात त्याच्यापेक्षा कितीतरी कमी ऑक्सिजन आहे.

(८८ ला घाई करायची नाही असा याचा अर्थ नाही. तिथे फुप्फुस बिघडत चाललेलं असतं आणि ते तासाभरात आणखी बिघडू शकतं.)

शरीर ही कमतरता हृदय जोरात पळवून भरून काढतं. म्हणून रक्त कमी असलेल्याला बसल्या जागी फारसं जाणवत नाही. जिना, डोक्यावर हंडा, शेतात वाकून काम, अशा वेळी हृदयाला आणखी पळायला जागाच उरत नाही आणि दम लागतो. रक्त हळूहळू वर्षभरात उतरलेलं असेल तर बाई त्याला सरावलेली असते. मग ताप येतो, खाणं तुटतं, पंधरा दिवस पडून राहणं होतं, आणि आतापर्यंत तोललेला तराजू कलंडतो. तिच्या मनात सगळं तापापासून सुरू झालेलं असतं.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि त्यांचा क्रम

पहिल्या फेरीत फार खर्च करू नका. सीबीसी, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीची साधी तपासणी, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी. यातलं बरंचसं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा वजन घटणं असेल तर थुंकीची टीबीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. ती टाळू नका. तापाच्या नावाखाली टीबी महिनोन् महिने लपून राहिलेली उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

सीबीसीच्या कागदावर सगळे फक्त हिमोग्लोबिन बघतात. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर ते कमी. गरोदर बाईसाठी ही रेघ ११ वर आहे. त्याच कागदावर एमसीव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे लाल पेशीचा आकार. तो ८० च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी. १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे बघायचं, आणि हे शाकाहारी घरांत पुष्कळ दिसतं. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर आकार मधेच, नॉर्मल, दिसू शकतो. म्हणून नुसत्या नॉर्मल एमसीव्हीवर विसंबू नये.

लोह कमी आहे का हे फेरिटिन सांगतं. त्यात एक मेख आहे. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन आपोआप वाढतं. ताप येऊन गेल्यावर लगेच केलेलं फेरिटिन ४०-५० आलं तर 'लोह भरपूर आहे' असं समजू नका. सूज नसताना १५ च्या खाली आलं तर कमतरता पक्की. सूज असताना ७० पर्यंतही कमतरता असू शकते. जमलं तर ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी करा.

खानदेशात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावीच लागते. सातपुड्याच्या पायथ्याला, नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल भागात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिच्यात या भागांत तपासणी मोफत होते. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिन कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. लोह कमी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या देण्यात अर्थ नाही. शिवाय या रुग्णाला तापानंतर छातीत दुखून दम लागला तर ती फुप्फुसातली गंभीर गुंतागुंत असू शकते. तिथे वहीबिही नाही, सरळ जिल्हा रुग्णालय. आधी सॉल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस.

फुप्फुसाबद्दल थोडक्यात. एक्स-रे स्वच्छ असला तरी दमा किंवा चुलीच्या धुराने आकसलेल्या श्वासनळ्या त्यात दिसत नाहीत. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकर मारायची चाचणी. शिट्टीसारखा आवाज, पहाटेचा खोकला, धुळीत वाढणारा त्रास असेल तर ती करा. उठ-बस चाचणीत ऑक्सिजन घसरला, किंवा तापात ऑक्सिजन लावावा लागला होता, तर फुप्फुस कडक झालं आहे का हे पाहायला एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सिटी स्कॅन. ज्याला घरीच साधा ताप आला होता, ज्याचा एक्स-रे स्वच्छ आहे आणि ऑक्सिजन घसरत नाही, त्याने मनाच्या समाधानासाठी सिटी स्कॅन करून घेऊ नये.

हृदयाकडे बघायचं ते लक्षणं पाहून. व्हायरसने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि साधा ईसीजी नॉर्मल आला तरी ती शक्यता पूर्ण जात नाही. सपाट झोपल्यावर दम, दोन्ही पावलांवर सूज, मधूनच ठोके चुकल्यासारखे वाटणं, ईसीजीत बदल किंवा एक्स-रेत हृदय मोठं दिसणं, यापैकी काही असेल तर टूडी एको करा. गावाकडच्या चाळिशीच्या आतल्या बायांत लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेली हृदयाची झडप अशाच एखाद्या तापानंतर पहिल्यांदा उघड होते. एकोत तीही दिसते. हृदयाला सूज निघाली असेल तर व्यायाम, क्रिकेट, तालीम सगळं तीन ते सहा महिने बंद, आणि पुन्हा सुरू करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच.

एक प्रकरण, कागदासकट

आमच्याकडे येणाऱ्या अनेकींच्या गोष्टी मिळून हे एक प्रकरण केलं आहे. आकडे नेहमी दिसतात तसेच आहेत.

रावेरकडची एक वहिनी, वय ३९. केळीच्या बागेत कामाला जाते. ऑगस्टमध्ये सहा दिवस ताप, अंगदुखी, खोकला. नोव्हेंबर उजाडला तरी गच्चीचा जिना एका दमात चढता येईना. तोवर दोन वेळा सलाईन, बी-१२ ची इंजेक्शनं, एक्स-रे, ईसीजी झालेले, सगळं 'नॉर्मल'. ऑक्सिजन ९८. नवऱ्याचं म्हणणं, "डॉक्टर म्हणतात काही नाही, आणि हिचं तर रोजचंच."

वहीत दोन गोष्टी वेगवेगळ्या निघाल्या. दम जिन्यात आणि घड उचलताना लागत होता, बसलं की जात होता. त्याशिवाय बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती दुपारपर्यंत उठत नव्हती. उठ-बस चाचणीत ऑक्सिजन ९८ वरून ९७, नाडी ९६ वरून १३८. म्हणजे फुप्फुसाकडे बोट नव्हतं.

पाळीबद्दल तिला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. आठ दिवस, गाठी पडतात, तीन वर्षांपासून. "कच्चे तांदूळ खायची इच्छा होते का?" असं विचारल्यावर सासूच म्हणाली, "तिचा डबाच आहे." लोह कमी असलेल्यांना तांदूळ, माती, खडू, बर्फ खावासा वाटतो. याबद्दल थट्टा करू नका, कारण थट्टा झाली की बाई पुढच्या वेळी सांगत नाही.

सीबीसी: हिमोग्लोबिन ८.०, एमसीव्ही ६८, लाल पेशी ३७ लाख. सिकलसेलची टेस्ट निगेटिव्ह. फेरिटिन ९, टीएसएच नॉर्मल. थॅलेसेमियाचा वाहक असेल तर पेशी लहान असूनही त्यांची संख्या भरपूर, पन्नास लाखांच्या पुढे, असते. इथे संख्याही कमी, फेरिटिनही तळाला. म्हणजे लोह कमी, यात शंका राहिली नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ निघाली. तिच्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. ते केलं नसतं तर वरून भरलेलं खालून गेलं असतं.

तिला लोहाची एक गोळी रोज दिली, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची, जी सरकारी दवाखान्यात मिळते. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते, शोषण तितकं वाईट होत नाही. नियम दोनच. गोळीच्या आधी आणि नंतर दीड-दोन तास चहा नाही, कारण चहा लोह अडवतो, आणि आपल्याकडे जेवण झालं की लगेच कप हातात येतो. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची. शी काळी होणार हे आधीच सांगितलं, नाहीतर तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात.

तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.४. आठ आठवड्यांनी ११.६. तीन-चार आठवड्यांत निदान एक ग्रॅमने वाढ दिसली नाही तर गोळी घेतली जाते का, चहा सुटला का, रक्त कुठून जातंय का (पुरुषात आणि पाळी थांबलेल्या बाईत मूळव्याध, पोटातला अल्सर, आतड्याची तपासणी), आणि मुळात निदान बरोबर आहे का, हे पुन्हा बघायचं. हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की गोळ्या सोडून देऊ नका. साठा भरायला आणखी तीन महिने लागतात.

आणि मग? जिन्याचा दम गेला. उठ-बस चाचणीत नाडी १०८ च्या पुढे जाईना. पण पुतणीच्या लग्नात दोन दिवस राबल्यावर तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आडवी झाली, अंग ठणकत होतं, डोकं जड. रक्ताने जेवढं सुटणार होतं तेवढं सुटलं. जे उरलं ते व्हायरलनंतरचं. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि एक सापडलं म्हणून दुसरं नाही असं नसतं.

उरलेल्या थकव्याचं काय करायचं

तपासण्या झाल्या, सापडलेलं दुरुस्त झालं, आणि तरी उशिराची पडझड होत असेल तर 'चाला, पळा, घाम गाळा' हा सल्ला नुकसान करतो. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये अशा रुग्णांसाठी दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे वाढवत न्यायचा व्यायाम शिफारशीतून काढून टाकला.

वहीतून तुमची मर्यादा शोधा. किती काम केलं की परवा पडता ते दोन-तीन आठवड्यांत दिसतं. वहिनीच्या वहीत सलग अडीच तास उभं राहून काम झालं की ठरलेली पडझड होती. तिने सकाळचं काम अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांत केलं आणि प्रत्येक तुकड्यानंतर थकवा नसतानाही वीस मिनिटं आडवी झाली. हे 'नसतानाही' महत्त्वाचं आहे. थकल्यावर झोपलं तर उशीर झालेला असतो. भाकरी बसून थापायच्या, भांडी स्टुलावर बसून, पाणी भरायचं काम दुसऱ्याकडे. सासूला हे समजावणं औषधापेक्षा अवघड गेलं, ते खरं. डॉक्टरने घरच्यांसमोर सांगितलं तर थोडं सोपं जातं, म्हणून सोबत घरातलं एक माणूस न्या.

सलग दोन आठवडे पडझड नसेल तरच पुढे जायचं, आणि तेही थोडं. तीस मिनिटांचं पस्तीस. बरं वाटणाऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकून टाकायचा मोह होतो. पडझड तिथूनच येते.

दुसऱ्या दिवशीची पडझड होतच नसेल, फक्त पडून राहिल्याने पाय ढिले पडलेले असतील, तर त्या माणसाला उलट हळूहळू चालणंच बरं करतं. रोज दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी ठीक असेल तर आठवड्याने बारा. दोघांचा सल्ला उलटा आहे, आणि कुणाला कोणता द्यायचा हे वहीवरून ठरतं.

पॉट्स निघाला असेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, सकाळी उठण्याआधी अंथरुणातच दोन पेले, एकदम न उठता आधी कडेला बसणं, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास मीठ वाढवणं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने मीठ स्वतःहून वाढवू नये.

सलाईनबद्दल एक शेवटचं. अर्ध्या किंवा एक लिटर सलाईनमध्ये पाणी, मीठ आणि कधी साखर असते. त्यात लोह नाही, रक्त नाही. पॉट्सच्या माणसाला तात्पुरतं बरं वाटतं कारण शिरांत पाणी भरतं. हृदय कमजोर असलेल्याला तेच पाणी फुप्फुसात उतरून दम वाढवू शकतं. सलाईन लावताच दम वाढला तर लगेच बंद करायला सांगा आणि टूडी एको करून घ्या.

पुढच्या भेटीला जाताना आठवड्याची वही, उठ-बसचे आकडे, झोपून-उभ्याचे आकडे आणि आतापर्यंतचे सगळे सीबीसीचे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या, आजारपणाच्या आधीचा एखादा असेल तर तोही. बाळंतपणाच्या वेळचा जुना कागदसुद्धा चालेल. पाच वर्षांपूर्वीच हिमोग्लोबिन ९ होतं असं त्यात निघालं, तर तापावर टाकलेला अर्धा दोष तिथेच उतरतो आणि रक्त कुठून जातंय याचा शोध त्याच दिवशी सुरू करता येतो.